अंध मुलीला विज्ञानाचं प्रॅक्टिकल आणि आलेख: आधी रीडिंग तिच्या हातानं, मग रेघ

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यात एका हायस्कूलला विज्ञान शिकवते. दहावीत एक पूर्ण अंध मुलगी आहे, ब्रेल चांगलं वाचते. प्रॅक्टिकलला तिला शेजारी बसवून बाकीच्यांचं रीडिंग सांगते, पण उष्णतेच्या धड्यातला बर्फ-पाणी-वाफ आलेख तिला काही केल्या कळत नाही. उठावाची आकृती करून दिली तरी नाही. बोलणारा थर्मामीटर घ्यावा का? नक्की काय करू?

मॅडम, थर्मामीटर घ्या, आणि ती उठावाची आकृती दोन आठवडे कपाटात ठेवून द्या. मी सातारा जिल्ह्यात विशेष शिक्षक म्हणून सोळा वर्षं हायस्कूलच्या शाळांमधून फिरतोय. माझा अनुभव असा की अशा वेळी आलेख अवघड नसतो, तो कशाचा आहे तेच मुलीच्या हाताला लागलेलं नसतं. डोळस पोरांनी नळीतली रेघ चढताना बघितलेली असते, त्यामुळं कागदावरची चढती रेघ बघितली की त्यांना ते चढणंच आठवतं. तुमच्या मुलीच्या बोटाखाली नुसती एक दोरी येते, आधी आडवी, मग तिरकी, मग परत आडवी, ती पाठ करेल आणि परीक्षेत लिहीलही पण दोरी आडवी का झाली ते तिला सांगता येणार नाही. म्हणून क्रम उलटा करायचा: रीडिंग तिनं घ्यायचं, बिंदू तिनं लावायचे, आणि पुस्तकातला आलेख सगळ्यात शेवटी.

पुढं जे सांगतोय ते तुमच्या मुलीसारखं पूर्ण अंध आणि ब्रेल येणाऱ्या मुलांसाठी. थोडी नजर असेल तर जाड काळ्या रेघा आणि चांगला उजेड यानंच निम्मं काम होतं. जन्मापासून दिसत नसेल तर 'वर' आणि 'उजवीकडे' म्हणजे कागदावर नक्की कुठं इथपासून सुरुवात करायला लागते, आणि दिसणं नंतर गेलं असेल तर तिला आलेख बघितल्याचं आठवत असतं, ती पटकन पुढं जाते. हे तिला आणि घरच्यांना आधी विचारून घ्या.

आता थर्मामीटर. घेताना एक चूक हमखास होते, दुकानात 'बोलणारा थर्मामीटर' म्हटलं की ताप बघायचा हातात देतात. तो अंगाच्या तापापुरताच असतो, बर्फातही चालत नाही आणि उकळत्या पाण्यातही नाही. आपल्याला स्वयंपाकाचा पाहिजे, लांब स्टीलची काडी असलेला, ज्याची रेंज शून्याच्या खाली आणि शंभरच्या वर आहे. काडी आणि डबी यांच्यामध्ये वायर असेल तर फारच बरं, कारण मग डबी मुलीच्या हातात राहते आणि काडी स्टँडला. दुसरं म्हणजे सेल्सिअस-फॅरनहाइटचं बटण. ते चुकून दाबलं जातं आणि बर्फात ठेवलेला थर्मामीटर एकदम 'थर्टी टू' म्हणतो. त्या बटणावर चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका. बोलतो तो इंग्रजीतच, पण शंभरपर्यंतचे इंग्रजी आकडे दहावीच्या मुलीला अडत नाहीत.

प्रयोगाच्या दिवशी शेगडी चालू करायच्या आधी सगळी मांडणी थंड असताना तिच्या हाताखालून गेली पाहिजे. मी कडा असलेला मोठा ट्रे घेतो, त्यात मधोमध इलेक्ट्रिक हॉटप्लेट, त्यावर स्टीलचं जाड बुडाचं छोटं पातेलं. काचेचा बीकर या प्रयोगाला मी वापरत नाही. स्पिरिटचा दिवाही नाही, कारण ज्योत कुठं आहे ते तिला ऐकू येत नाही. काडी स्टँडच्या क्लॅम्पमध्ये अशी अडकवायची की टोक पातेल्याच्या मधे राहील, बुडाला टेकलेलं नसेल. वायर टेबलाला चिकटवून टाका. तिला हात फिरवायला सांगा, पण एक नियम पहिल्या दिवसापासून: हात टेबलावरून सरकत जायचा, वरून खाली यायचा नाही. वाफ वरच असते. काही दाखवायचं झालं तर तिचा हात धरून ओढू नका, आपला हात पुढं करा आणि तिला त्यावर हात ठेवू द्या, म्हणजे नको वाटलं की ती काढून घेऊ शकते.

जोडीला डोळस मैत्रीण असते, तिलाही एक सांगून ठेवायचं: पातेलं हललं, पाणी सांडलं तर बोल, बाकी हात मागं. हे जमवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. मदत करायच्या नादात मैत्रीणच सगळं करते आणि आपली मुलगी परत शेजारी बसून ऐकत राहते.

मागच्या एका बॅचला कोरेगाव भागातल्या शाळेत हाच प्रयोग केला, तो तसाच सांगतो म्हणजे तुम्हाला आकड्यांचा अंदाज येईल. दोनशे ग्रॅम बारीक फोडलेला बर्फ, हॉटप्लेट आधीच मंद तापवून ठेवलेली. मोबाइलवर दर मिनिटाला वाजणारा टायमर. टण् झालं की मुलगी थर्मामीटरचं बटण दाबायची, ऐकायची, आणि ब्रेल पाटीवर फक्त तापमान टोचायची. मिनिटांचा आकडा लिहायची गरज नाही, रकाना क्रमानंच जातो. एका मिनिटात एक-दोन आकडे टोचणं आरामात होतं.

बर्फ असेपर्यंत तिच्या दुसऱ्या हातात लांब लाकडी चमचा होता. ढवळणं इथं फार महत्त्वाचं आहे. ढवळलं नाही तर बर्फ वर तरंगत राहतो, खाली पाणी तापतं, आणि शून्यावर थांबायला पाहिजे तो थर्मामीटर चार-पाच म्हणायला लागतो. बर्फ शिल्लक असताना आकडा चढला तर समजायचं की ढवळणं थांबलंय किंवा काडी बुडाला टेकलीय. आणि याच चमच्यातून तिला एक गोष्ट कळते जी डोळस पोरांच्या लक्षातही येत नाही. बर्फाचे खडे स्टीलला लागून वाजत असतात, चमच्याला अडत असतात. थर्मामीटर सारखा 'झीरो, झीरो' म्हणतोय, खाली शेगडी चालू आहे, हाताला उष्मा लागतोय, तरी झीरो. मग खडे बारीक होत जातात, आवाज विरत जातो, आणि खडखड थांबली की पुढच्याच रीडिंगला आकडा हलतो. ती मला म्हणाली, "सर, बर्फ संपला म्हणूनच चढायला लागलं नव्हं?" सुप्त उष्मा हा शब्द मी त्यानंतर उच्चारला, त्याआधी नाही.

बर्फ संपला की चमचा काढून घ्यायचा, पुढं हात पातेल्यापासून लांब. इथून आवाज ऐकायला सांगा. उकळायच्या आधी पाणी बऱ्यापैकी मोठा सूं-सूं आवाज करतं, आणि खरंच उकळायला लागलं की तो आवाज उतरून भदभद सुरू होते. हे तिनं स्वतः ओळखलं की तेवढ्यात थर्मामीटरचा आकडाही थांबतो.

तिच्या पाटीवर हे आकडे होते, शून्याव्या मिनिटापासून: ०, ०, ०, ०, ०, ०, १, १४, २७, ३९, ५१, ६३, ७४, ८४, ९३, ९७, ९७, ९७. सतरा मिनिटं, अठरा रीडिंग, मग शेगडी बंद.

आता बोर्ड. मी एक इंच जाडीचा थर्मोकोल घेतो, पातळ घेऊ नका, टाचणी पलीकडून बाहेर येऊन बोटाला लागते. त्यावर जाड ड्रॉइंग शीट, शीटवर १ सेंटिमीटरच्या चौकटी शिलाईच्या दातेरी चाकानं उठवलेल्या. खाली जुन्या ट्यूबचं रबर अंथरून चाक फिरवायचं, ठिपके पलीकडच्या बाजूला उठतात. पलीकडच्या बाजूला, हे नीट लक्षात ठेवा, म्हणजे पुढून काढलेलं वाचताना उलटं होतं, डावं उजवीकडं जातं. नुसत्या चौकटीला फरक पडत नाही. पण मी सुरुवातीच्या वर्षात एकदा पूर्ण चढता आलेख असाच काढून दिला होता आणि त्या मुलानं मुकाट्यानं वाचून सांगितलं की तापमान कमी होत जातंय. त्याचं बरोबर होतं, कागदच चुकीचा होता, आणि तो मला चूक म्हणाला नाही कारण शिक्षकानं दिलेला कागद बरोबरच असणार असं त्यानं धरलं होतं. तेव्हापासून मुलांना देण्याआधी प्रत्येक कागद मी स्वतः डोळे मिटून बोटानं वाचतो. तुमच्याकडं उठावाच्या चित्राची फिल्म आणि रबरपाटी असेल तर हा प्रश्न येत नाही, त्यावर रेघ काढलेल्या बाजूलाच उठते.

दोन्ही अक्षांना सुतळी चिकटवायची, फेव्हिकॉलनं. म्हणजे बोटाला तीन वेगळ्या गोष्टी लागतात: चौकट सगळ्यात हलकी, अक्ष जाड आणि खरखरीत, आणि बिंदू म्हणजे गोल डोक्याच्या टाचण्या. चौकटीची रेघ आलेखाच्या रेघेइतकीच उठावदार असली तर बोट चौकटीवरून भलतीकडं निघून जातं. तुमची तयार आकृती तिला कळली नाही त्यात हेही एक कारण असू शकतं, बघा एकदा हात फिरवून.

प्रमाण साधं ठेवायचं, आडव्या अक्षावर १ सेंटिमीटर म्हणजे १ मिनिट, उभ्यावर १ सेंटिमीटर म्हणजे १० अंश. अठरा बाय दहा सेंटिमीटर, दोन्ही हातांत मावतं. बिंदू लावताना डावं बोट उभ्या अक्षावरून मोजत वर न्यायचं, उजवं आडव्या अक्षावर, मग डावं सरळ उजवीकडं आणि उजवं सरळ वर, जिथं भेटतील तिथं टाचणी. ६३ म्हणजे सहा चौकटी पूर्ण आणि सातवीत जरा आत, तेवढं बोटाला कळतं. मिलिमीटरची अचूकता मागू नका, मिळणार नाही आणि इथं लागतही नाही.

हमखास होणारी चूक म्हणजे पहिल्या रीडिंगलाच शून्याऐवजी 'एक' मिनिट धरणं. मग सगळे बिंदू एक घर उजवीकडं सरकतात आणि आकार बरोबरच दिसतो, म्हणून ती चूक पटकन सापडत नाही. ओळखायची खूण: पहिली टाचणी दोन्ही सुतळ्या भेटतात तिथंच बसली पाहिजे. टाचण्याच घ्यायच्या, ठिपके चिकटवायचे नाहीत, ते याचसाठी, काढून परत लावता येतात. सगळ्या लागल्या की शेवटी लोकरीचा धागा प्रत्येक टाचणीला एक वेढा देत पुढं न्यायचा. ही लोकर म्हणजे तिचा आलेख.

त्यावर बोट फिरवायला सांगा आणि तुम्ही गप्प बसा. त्या मुलीनं सहा चौकटी आडव्या मोजल्या, मग नऊ चौकटी चढ, मग परत आडवं. मी विचारलं, बर्फ वितळायला जास्त उष्णता लागली का पाणी तापायला? शेगडी एकाच वेगानं उष्णता देतेय असं धरलं तर वेळ म्हणजेच उष्णता. पुस्तकात बर्फाला ग्रॅममागं ८० कॅलरी दिल्यात, आणि पाणी शून्यापासून ९७ पर्यंत न्यायला ग्रॅममागं ९७ कॅलरी. म्हणजे वितळायला ६ मिनिटं लागली तर तापायला सव्वासात-साडेसात लागायला पाहिजेत, हिला नऊ लागली. दीड-एक मिनिटाची उष्णता कुठं गेली? तिनं परत चढावर बोट फिरवलं. खाली एका मिनिटाला तेरा अंश चढतंय, वर जाता जाता दहा, नऊ. चढ वर मंदावतोय हे तिला बोटाला लागलं, आणि पाणी जितकं गरम तितकं ते बाहेर जास्त घालवतं, हे तिचं तिनं सांगितलं. पातेल्यावर झाकण नव्हतं, तेही तिला आठवलं.

आणि ते ९७. वर्गातल्या बाकीच्या गटांनी साधा थर्मामीटर वापरला होता आणि त्यातल्या बऱ्याच वह्यांमध्ये शेवटी १०० लिहिलेलं होतं, कारण पुस्तकात १०० आहे. ही मात्र हटून बसली. "सर, शंभर काय येईना, नाइंटी सेव्हनच म्हणतंय की ते." थर्मामीटर बिघडलाय का ते बघायला आम्ही तो परत बर्फात घातला, झीरो म्हणाला. मग एका डोळस मुलाला प्रयोगशाळेतला थर्मामीटर त्याच उकळत्या पाण्यात धरून नीट वाचायला लावला, ९७ च्या थोडं वर. बरोबरच आहे, सातारा समुद्रसपाटीपासून साधारण ७४० मीटर उंचावर आहे, हवेचा दाब कमी, आणि दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंश खाली येतो. तुमच्याकडं सांगलीला साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची आहे, ९८ च्या जवळपास येईल. बाकीच्यांनी नंतर वह्या दुरुस्त केल्या.

शेवटचा आडवा भाग तीन-चार रीडिंगवर थांबवा. वाफेला ग्रॅममागं ५४० कॅलरी लागतात, म्हणजे बर्फाला सहा मिनिटं लागली तर तेवढं सगळं पाणी आटवायला चाळीस मिनिटांच्या वर जातील आणि कोरडं पातेलं जळेल. हा हिशेब तिला तोंडी करायला द्या, तिला लगेच लक्षात येतं की पुस्तकातली वरची आडवी रेघ खरं तर किती लांब पाहिजे होती.

एवढं झालं की मग तुमची उठावाची आकृती बाहेर काढा. त्यात बघा: दोन रेघांमध्ये निदान तीन मिलिमीटर जागा आहे का, नाहीतर बोटाला त्या एकच वाटतात. नावं ब्रेलमध्ये पूर्ण लिहू नका, ब्रेलचं एक अक्षर सहा मिलिमीटर जागा खातं आणि नावच आकृती झाकून टाकतं. एकेक अक्षर टाका आणि त्यांचा अर्थ वेगळ्या कागदावर. उपकरणांच्या आकृत्यांचंही तसंच, पुस्तकात बीकरचं तोंड लांबट गोल काढलेलं असतं कारण डोळ्याला ते तसं दिसतं, हाताला ते कधीच तसं लागत नाही. आधी खरा बीकर हातात द्या आणि आकृती द्यायचीच तर मधोमध कापल्यासारखी, दोन भिंती आणि तळ.

शाळेत कॉम्प्युटर आणि स्क्रीन वाचून दाखवणारं एनव्हीडीए सॉफ्टवेअर असेल तर आणखी एक करून बघा. डेस्मॉस या आलेख काढायच्या वेबसाइटवर तिचे आकडे तक्त्यात भरा, `Alt+T` दाबलं की आवाजातून आलेख सुरू होतो आणि `H` दाबलं की सगळा एकदम ऐकू येतो, तापमान जास्त तसा सूर वर. आधी सपाट सूर, मग चढ, मग परत सपाट. लोकरीवर हात फिरवून झाल्यावरच हे द्या, नाहीतर तो नुसता आवाज होतो. दोन आलेख शेजारी-शेजारी तपासायला याचा फार उपयोग होतो, उदाहरणार्थ झाकण ठेवून केलेला प्रयोग आणि न ठेवता केलेला.

या एका आलेखाला मला पाच तासिका लागल्या, एक नुसती मांडणी ओळखायला, एक प्रयोगाला, दोन बोर्डला, एक गणिताला. पुढचा आलेख तिनं एका तासिकेत लावला, तापलेलं पाणी थंड होण्याचा, आणि तो करताना प्रमाण किती घ्यायचं हे मी सांगायच्या आधी तिनंच विचारलं. जर्नलसाठी तो बोर्ड फोटो काढून चिकटवला, खाली तिचे ब्रेलमधले आकडे आणि मैत्रिणीच्या अक्षरात तेच आकडे, तपासणाऱ्या सरांना वाचता यावेत म्हणून. परीक्षेत लेखनिक, जादा वेळ आणि आकृतीच्या प्रश्नाला पर्याय या सवलतींचा अर्ज शाळेनं वेळेत करायचा असतो, तो आत्ताच विचारून ठेवा.

थर्मामीटर आला की सगळ्यात आधी एका वाटीत बर्फ आणि थोडं पाणी घेऊन तो तिच्या हातात द्या आणि झीरो म्हणतो का ते तिलाच तपासू द्या. दोन-तीन अंश चुकत असेल तर बदलून घ्या, एखादा अंश चुकत असेल तर किती ते तिच्या पाटीवर वर टोचून ठेवायला सांगा. काही अडलं तर इथंच लिहा, मी रात्री नऊनंतर बघतो.